टीव्हीच्या पहिल्या पडद्यावर आपलं किती चालतं?

स्मार्ट टीव्ही सुरू केला की लगेच कार्यक्रम दिसत नाही, आधी होम स्क्रीन दिसते. सगळ्यात वर एखाद्या नव्या चित्रपटाचा किंवा मालिकेचा मोठा पट्टा असतो. त्याखाली अ‍ॅप्सची रांग आणि आणखी खाली ‘तुम्हाला हे आवडेल’ म्हणणाऱ्या चित्रांच्या ओळी. बातम्या लावायला आलेल्या माणसाला हे सगळं ओलांडून पुढे जावं लागतं. ही स्क्रीन आपल्याला हवी तशी लावून घेता येते, पण सगळी नाही. अ‍ॅप्सची रांग आपल्या हातात असते, शिफारशींच्या ओळी थोड्याफार आवरता येतात आणि वरच्या पट्ट्यावर आपलं जवळपास काहीच चालत नाही. शिवाय आवडती चॅनेल्स बहुतेक घरांत या स्क्रीनवर नसतातच, ती सेट-टॉप बॉक्समध्ये असतात. कुठली गोष्ट कुठे बदलायची हे आधी समजून घेतलं, तर अर्ध्या तासात टीव्ही घराच्या सवयीप्रमाणे लावता येतो.

इथे मुख्यतः गुगल टीव्हीचा विचार करू, कारण सोनी, टीसीएल, शाओमी अशा अनेक कंपन्यांच्या संचांत तो असतो. जुन्या अँड्रॉइड टीव्हीवर गुगलने 2020मध्ये आणलेला हा नवा चेहरा आहे. सॅमसंग आणि एलजी यांची पद्धत वेगळी आहे, तिच्याकडे शेवटी वळू.

एका घराची मांडणी

उदाहरणासाठी एक नेहमीचं घर घेऊ. 43 इंची गुगल टीव्ही, साठवणुकीची जागा 16 जीबी, सेट-टॉप बॉक्स ‘एचडीएमआय 1’ला जोडलेला. आजींना संध्याकाळी मराठी मालिका आणि त्यानंतर बातम्या हव्या असतात. नात यूट्यूब बघते. तिच्या आईबाबांकडे दोन ओटीटींची वर्गणी आहे. टीव्हीवर मात्र वीसेक अ‍ॅप्स आहेत आणि रांगेतली पहिली दोन या घरात कुणीच उघडलेली नाहीत.

सुरुवात रांगेपासून करू, कारण तिथे बदल केला की तो लगेच दिसतो आणि त्यात बिघडण्यासारखं काही नसतं. बाणांनी रांगेतल्या एखाद्या अ‍ॅपवर जायचं आणि रिमोटवरचं मधलं ओके बटण एक-दोन सेकंद दाबून धरायचं. लहानशी यादी उघडते, तिच्यात Move निवडायचं. आता डाव्या-उजव्या बाणांनी ते अ‍ॅप हव्या त्या जागी न्यायचं आणि ओके दाबून तिथेच ठेवायचं. बटण पटकन दाबून सोडलं तर यादीऐवजी अ‍ॅपच उघडतं. ‘आमच्या टीव्हीवर हे होतच नाही’ असं जे सांगतात, त्यांचं बहुतेक वेळा इथेच अडलेलं असतं.

कुठलं अ‍ॅप आधी ठेवायचं हे आवडीपेक्षा वापरावर ठरवलेलं बरं. बाण न सरकवता पडद्यावर रांगेतली पाच-सहा अ‍ॅप्सच दिसतात. या घरात पहिल्या जागी यूट्यूब, मग वर्गणी भरलेले दोन ओटीटी आणि त्यांच्यामागे फोटो किंवा गाण्यांचं एखादं अ‍ॅप, एवढंच पुरेसं आहे. बाकीची रांगेतून काढून टाकायची. त्यासाठी त्याच यादीत Remove असतं. याने अ‍ॅप पुसलं जात नाही, फक्त रांगेतून जातं. पुढे लागलंच तर सर्व अ‍ॅप्सच्या यादीतून ते पुन्हा रांगेत आणता येतं. म्हणून एखाद्या अ‍ॅपबद्दल खात्री नसेल, तर ते पुसण्याआधी महिनाभर रांगेबाहेर ठेवून पाहावं. त्या महिन्यात घरात कुणी त्याची चौकशी केली नाही, तर ते खुशाल पुसावं.

पुसता येणारी आणि न येणारी

अ‍ॅप खरोखर काढायचं असेल तर Settings मध्ये Apps, तिथे See all apps आणि मग त्या अ‍ॅपचं नाव अशा क्रमाने जायचं. आपण स्वतः किंवा घरातल्या कुणी प्ले स्टोअरवरून घेतलेलं अ‍ॅप असेल तर तिथे Uninstall दिसतं. कारखान्यातूनच आलेल्या बऱ्याच अ‍ॅप्सना हा पर्याय नसतो, त्यांच्यापुढे फक्त Disable असतं. काहींना तेही नसतं.

याचं कारण टीव्हीच्या आतल्या रचनेत आहे. साठवणुकीच्या जागेचे दोन मोठे भाग असतात. एका भागात यंत्रणा आणि कंपनीने आधीच भरलेली अ‍ॅप्स असतात. हा भाग वापरणाऱ्यासाठी फक्त वाचण्यापुरता उघडा असतो, त्यात काही लिहिता किंवा पुसता येत नाही. दुसऱ्या भागात आपण घेतलेली अ‍ॅप्स, त्यांची माहिती आणि सगळ्यांची अद्ययावत रूपं साठतात. आधीच भरलेलं अ‍ॅप Disable केलं की ते दिसेनासं होतं, आपोआप चालू होत नाही आणि नवी आवृत्तीही उतरवून घेत नाही. त्याची मूळ प्रत मात्र पहिल्या भागात तशीच राहते. जी थोडीफार जागा सुटते, ती दुसऱ्या भागात साठलेल्या त्याच्या सुधारित आवृत्त्यांची आणि माहितीची.

म्हणूनच 16 जीबीच्या टीव्हीवर 16 जीबी जागा आपल्याला कधीच मिळत नाही. बराच मोठा वाटा यंत्रणाच घेते. 8 जीबीच्या संचांवर तर पाच-सात मोठी अ‍ॅप्स बसली की अडचण सुरू होते. ती ओळखता येते. अ‍ॅप्स अद्ययावत होत नाहीत, ‘जागा अपुरी आहे’ असा संदेश वारंवार येतो आणि एखादं अ‍ॅप उघडता उघडता बंद पडतं. अशा वेळी Settings मधल्या System खाली Storage उघडून पाहावं. कुठल्या गोष्टीने किती जागा खाल्ली ते तिथे दिसतं. सगळ्यात फुगलेल्या अ‍ॅपची तात्पुरती साठवण Clear cache ने रिकामी केली तर वर्गणीचं खातं किंवा पासवर्ड जात नाही. शेजारचं Clear data मात्र जपून दाबावं, त्यानंतर त्या अ‍ॅपमध्ये पुन्हा लॉगिन करावं लागतं.

एक अपेक्षा इथे थोडी कमी करायला हवी. दहा अ‍ॅप्स पुसली म्हणून टीव्ही वेगाने चालू लागेलच असं नाही. बंद पडून असलेलं अ‍ॅप जागा अडवतं, वेग क्वचितच अडवतं. वेग प्रोसेसर आणि कामाच्या स्मृतीवर ठरतो आणि स्वस्त संचांत ती एक-दीड जीबीच असते. जागा जवळजवळ भरली असेल तर पुसण्याने फरक जाणवतो. निम्मी जागा मोकळी असेल तर फक्त पडदा सुटसुटीत होतो.

Disable करताना एक मर्यादा पाळावी. ज्याचं नाव ओळखीचं आहे आणि काम माहीत आहे, त्यालाच हात लावावा. त्या यादीत रिमोट, ध्वनी, इनपुट आणि होम स्क्रीन चालवणारे यंत्रणेचे भागही असतात. संगणक जोडून आज्ञा देऊन अशा अ‍ॅप्सना हटवण्याचा मार्गही सांगितला जातो. त्यात चुकून होम स्क्रीनचंच अ‍ॅप गेलं तर काळा पडदा उरतो आणि टीव्ही फॅक्टरी रीसेट करावा लागतो. एका नको असलेल्या चिन्हासाठी एवढी जोखीम घेण्यात अर्थ नाही.

अ‍ॅप पुसल्याने वर्गणी बंद होत नाही, हेही लक्षात असू द्यावं. यूपीआय ऑटोपे किंवा कार्डावरून दर महिन्याला पैसे जात असतील तर अ‍ॅप पुसल्यावरही ते जातच राहतात. वर्गणी त्या सेवेच्या खात्यात जाऊन आणि ऑटोपेची परवानगी पैशांच्या अ‍ॅपमध्ये जाऊन रद्द करावी लागते.

नको असलेली अ‍ॅप्स येतात कुठून?

टीव्ही बनवणाऱ्या कंपन्या ओटीटी सेवांशी करार करतात. कुठलं अ‍ॅप आधीच भरलेलं असेल, रांगेत कितवं असेल, रिमोटवर कुणाच्या नावाचं बटण असेल, हे त्या व्यवहारात ठरतं. नेटफ्लिक्स किंवा प्राइम व्हिडिओचं वेगळं बटण त्यामुळेच असतं आणि बहुतेक संचांत त्या बटणाचं काम आपल्याला बदलता येत नाही. ते अ‍ॅप आपण बंद केलं तर बटण निरुपयोगी होतं किंवा अ‍ॅप पुन्हा सुरू करण्याची विचारणा करतं.

दुसरा करार होता गुगलचा. प्ले स्टोअर हवं असेल तर गुगलची बाकी अ‍ॅप्सही सोबत घ्यावी लागत. याविरुद्धच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने 2021मध्ये चौकशीचा आदेश दिला. एप्रिल 2025मध्ये हे प्रकरण तडजोडीने मिटलं. गुगलने 20.24 कोटी रुपये भरले आणि भारतातल्या स्मार्ट टीव्हींसाठी प्ले स्टोअर व प्ले सर्व्हिसेसचा वेगळा, सुटा परवाना देण्याचं मान्य केलं. म्हणजे बाकीचा गठ्ठा न घेताही कंपनीला प्ले स्टोअर घेता येईल. घरात आधीच असलेल्या टीव्हीवरून मात्र यामुळे काही नाहीसं होत नाही. टीव्ही कंपनीचे ओटीटींशी असलेले करारही यात येत नाहीत.

वरच्या जाहिरातीच्या पट्ट्यामागेही हाच व्यवहार आहे. तो बंद करण्याचं साधं बटण नाही. Settings मध्ये आपल्या गुगल खात्याखाली Apps only mode असतं. ते चालू केलं की खालच्या शिफारशींच्या ओळी जातात आणि मुख्यतः अ‍ॅप्स उरतात, पण वर प्रचाराचा एखादा पट्टा तरीही राहतो. त्याच्या बदल्यात गुगल असिस्टंट आणि आवाजाने शोधणं सोडून द्यावं लागतं. आपल्या घरातली नात रिमोटला बोलून गाणी शोधते, तेव्हा तिथे हा पर्याय न घेतलेलाच बरा. घरात कुणीच तसं शोधत नसेल तर तो घ्यावा.

चॅनेल्स कुणाकडे असतात?

आता आजींकडे वळू. त्यांना हवी असलेली पाच-सहा मराठी चॅनेल्स होम स्क्रीनवर लावता येतील का? सेट-टॉप बॉक्सवरून येत असतील तर नाही. टीव्हीच्या दृष्टीने बॉक्स म्हणजे ‘एचडीएमआय 1’वरून येणारं एक सलग चित्र. त्यात झी मराठी चालू आहे की सह्याद्री, हे टीव्हीला कळत नाही. चॅनेल बदलण्याचं काम बॉक्सच्या आत होतं, त्यामुळे आवडत्या चॅनेल्सची यादीही तिथेच करावी लागते.

बहुतेक डीटीएच आणि केबल बॉक्समध्ये ती सोय असते. रिमोटवर FAV किंवा त्यासारखं बटण असतं, नाहीतर मेनूमध्ये Favourites मिळतं. चॅनेल लावून ते यादीत टाकायचं आणि सगळी झाली की क्रम पाहायचा. काही बॉक्स आपण टाकलेला क्रम ठेवतात, काही चॅनेल क्रमांकाप्रमाणेच लावतात. दुसऱ्या प्रकारच्या बॉक्सवर क्रम बदलण्याच्या नादी लागू नये.

या यादीतून एक नेहमीचा गोंधळ होतो. बऱ्याच बॉक्सवर आवडती यादी चालू असताना वर-खाली बटणांनी फक्त तीच चॅनेल्स फिरतात. मग घरातलं कुणीतरी क्रिकेट लावायला जातं आणि ‘बाकीची चॅनेल्स गेली, रिचार्ज संपला वाटतं’ असा समज होतो. चॅनेल्स कुठेही गेलेली नसतात. यादी Favourites वरून All Channels वर आणली की ती दिसतात. चॅनेलचा क्रमांक थेट दाबला तर बहुतेक वेळा ते आवडत्या यादीच्या बाहेरही लागतं. रिचार्जच संपला असेल तर बॉक्स तसा संदेश दाखवतो.

बॉक्स सुरू झाल्यावर पहिलं चॅनेल कुठलं दिसेल, हे मात्र अनेकदा आपल्या हातात नसतं. डीटीएच किंवा केबल कंपनी ती जागा एखाद्या वाहिनीला देते. धंद्यात याला लँडिंग पेज म्हणतात. आजींनी आदल्या रात्री बातम्यांवर टीव्ही बंद केला तरी सकाळी दुसरंच काही लागतं, ते यामुळे. तिथून FAV दाबून आपल्या यादीत यायचं, एवढीच सवय लावावी लागते.

चॅनेल्स अ‍ॅपमधून बघत असाल तर आवडती यादी त्या अ‍ॅपमध्येच असते. टीव्हीला थेट अँटेना किंवा डिशची तार जोडली असेल आणि टीव्हीतच ट्यूनर असेल तर मात्र यादी टीव्हीच्या चॅनेल सूचीत करता येते. तिथे पुन्हा संपूर्ण स्वयंचलित शोध घेतला तर केलेली यादी पुसली जाऊ शकते. तेव्हा एखादं नवं चॅनेल शोधण्यासाठी सगळा शोध पुन्हा लावण्याची घाई करू नये.

सुरू होताच बॉक्स

आजींच्या अडचणीचा खरा उपाय होम स्क्रीनला वळसा घालण्यात आहे. अनेक गुगल टीव्ही संचांत Settings मधल्या System खाली Power & Energy असतं आणि त्यात Power on behavior नावाचा पर्याय असतो. तिथे होम स्क्रीनऐवजी शेवटचा वापरलेला इनपुट निवडला की टीव्ही थेट बॉक्सवर सुरू होतो. अर्थात आदल्या वेळी तो बॉक्सवर असताना बंद केलेला हवा. नातीने रात्री यूट्यूबवरच टीव्ही बंद केला तर सकाळी इनपुट बदलावाच लागेल.

त्यासाठी दोन लहान कामं आधीच करून ठेवावीत. Channels & Inputs मध्ये जाऊन ‘एचडीएमआय 1’ला ‘डिश’ किंवा ‘केबल’ असं नाव द्यावं आणि न वापरलेले इनपुट लपवता येत असतील तर लपवावेत. मग इनपुटचं बटण दाबल्यावर आकड्यांऐवजी ओळखीचं एक नाव दिसतं.

या मांडणीत एक अडचण हमखास येते. टीव्ही सुरू झाला, पण बॉक्स बंद असेल तर पडद्यावर ‘सिग्नल नाही’ असं दिसतं आणि टीव्ही बिघडला असं वाटतं. बऱ्याच डीटीएच रिमोटना टीव्हीचं चालू-बंद आणि आवाजाचं बटण शिकवता येतं. रिमोटसोबतच्या कागदावर त्याची कृती असते. एकदा ते केलं की आजींना एकाच रिमोटवर दोन्ही सुरू करता येतात आणि टीव्हीचा रिमोट त्यांच्या हाती जायची गरजच उरत नाही. टीव्ही आणि बॉक्स दोघांतही एचडीएमआय-सीईसी असेल तर बॉक्स सुरू केल्यावर टीव्ही आपणहून त्या इनपुटवर येतो. सगळ्या बॉक्समध्ये ही सोय नसते, म्हणून आधी करून पाहावं.

सॅमसंग आणि एलजीवर

सॅमसंगमध्ये होम बटण दाबून Apps मध्ये जायचं आणि तिथलं दातेरी चाकाचं चिन्ह उघडायचं. अ‍ॅप निवडलं की पुसणं, होमवर आणणं, हलवणं, कुलूप लावणं असे पर्याय मिळतात. कंपनीने दिलेली काही अ‍ॅप्स इथेही पुसता येत नाहीत, पण होमच्या रांगेतून काढता येतात. सेटिंग्जमधलं Autorun Smart Hub बंद केलं की टीव्ही सुरू होताना होम स्क्रीन आपोआप उघडत नाही.

एलजीमध्ये अ‍ॅपवर ओके दाबून धरलं की रांग हलवण्याच्या स्थितीत येते. Home Settings मध्ये Home Promotion आणि Content Recommendation बंद करता येतात, म्हणजे प्रचाराच्या बाबतीत इथे थोडा जास्त हात चालतो. रिमोटवर अंकांची बटणं असतील तर एक फार उपयोगी सोय आहे. एखादा अंक दाबून धरून त्यावर अ‍ॅप किंवा इनपुट नेमून देता येतो. मग तो अंक दाबून धरला की ते लगेच उघडतं. आजींसाठी असा एक अंक बॉक्सला देऊन ठेवला, तर होम स्क्रीन त्यांना बघावीच लागणार नाही.

पुढचा टीव्ही घेताना

केलेली मांडणी कायमची नसते. कंपनीकडून यंत्रणेची नवी आवृत्ती आली की एखादं नवं अ‍ॅप रांगेत शिरतं, कधी बंद केलेलंही परत येतं. फॅक्टरी रीसेट केला तर सगळंच पहिल्यापासून करावं लागतं. म्हणून रांग, इनपुटची नावं आणि आवडत्या चॅनेल्सची यादी यांचे फोनवर फोटो काढून ठेवले तर पुन्हा लावताना आठवत बसावं लागत नाही.

आणि टीव्ही अजून घ्यायचाच असेल तर दुकानात चित्राच्या चमकीबरोबर तीन गोष्टी रिमोट हातात घेऊन पाहाव्यात. साठवणुकीची मोकळी जागा किती उरली आहे, सुरू होताच शेवटचा इनपुट लावण्याचा पर्याय आहे का आणि आधीच भरलेल्या अ‍ॅप्सपैकी एखाद्यापुढे Uninstall दिसतं का. विक्रेत्याला या प्रश्नांची उत्तरं माहीत असतीलच असं नाही, पण सेटिंग्जमध्ये ती समोर दिसतात. टीव्ही घरी आल्यावर आपलं किती चालणार, हे बरंचसं तिथेच ठरतं.